हायड्रो थांबवताना ड्राइव्ह ओव्हरव्होल्टेजवर ट्रिप होते: रेझिस्टर बदलावा की रॅम्प वाढवावा?

उद्यमनगर_पॅनेल: नमस्कार. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझे पॅनेल तयार करण्याचे वर्कशॉप आहे. इचलकरंजीच्या एका प्रोसेस हाऊसमधील हायड्रोला, म्हणजे ओले कापड फिरवून पाणी काढणाऱ्या मशीनला, आम्ही 15 किलोवॉटची ड्राइव्ह बसवली आहे. बास्केटचा व्यास एक मीटर असून ओल्या कापडासह तिचे वजन सुमारे 300 किलो भरते आणि ती 900 आरपीएमने फिरते. थांबण्याचा रॅम्प 90 सेकंद ठेवला तर काही अडचण येत नाही. 60 सेकंदांवर आणला की स्टॉप दिल्यावर लगेच ओव्हरव्होल्टेजचा फॉल्ट येतो आणि फॉल्टच्या नोंदीत डीसी बस 815 व्होल्ट दिसते. मालकांना मात्र 40 सेकंदांत थांबायला हवे आहे. ब्रेकिंगचा रेझिस्टर जुन्या पॅनेलमधलाच, 100 ओहम 500 वॉटचा आहे आणि प्रत्येक स्टॉपला तो गरम होतो. ड्राइव्हच्या मॅन्युअलनुसार किमान 30 ओहम चालतात. दोष नेमका कुठे शोधावा?

शिरोली_फाउंड्री: आमच्या ब्लोअरची ड्राइव्हही रात्री याच फॉल्टवर ट्रिप होत असे. शेजारच्या भट्ट्या बंद झाल्या की लाइन 450 व्होल्टच्या वर जात होती. ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलून घेतल्यावर त्रास थांबला. तुम्हीही आधी लाइन तपासावी.

कागल_मेंटेनन्स: रेझिस्टरचे ओहम कमी करा, एवढेच. 20 ओहमचा लावलात की मशीन पाहिजे तेवढ्या लवकर थांबेल.

ड्राइव्ह_दुरुस्ती: शिरोलीकरांचे प्रकरण वेगळे आहे. लाइन जास्त असती तर बस चालू मशीनवरही चढलेली दिसली असती. इथे ती फक्त स्टॉपच्या वेळी चढते. कागलकरांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. ओहम कमी करायला हवेत, पण बस चढली की रेझिस्टर जोडणारा ड्राइव्हमधला स्विच, म्हणजे चॉपर, साधारण 780 व्होल्टला चालतो असे धरले तर 20 ओहमवर 39 अँपिअर वाहतील आणि मॅन्युअलच्या 30 ओहमच्या किमान मर्यादेमुळे चॉपर 26 अँपिअरच्या आतच राहायला हवा. चॉपर उडाला तर रेझिस्टर असून नसल्यासारखा होतो.

आता हिशेब पाहू. वस्तुमानाचा बराचसा भाग साधारण 0.45 मीटर त्रिज्येवर धरला, तर इनर्शिया सुमारे 60 किलो-मीटर वर्ग येतो आणि 900 आरपीएमला बास्केटमध्ये जवळजवळ 265 किलोज्यूल ऊर्जा साठते. ड्राइव्हच्या कपॅसिटरमध्ये ट्रिप होईपर्यंत मावणारी ऊर्जा यापुढे नगण्य आहे. बाकी सगळी रेझिस्टरमधूनच जायला हवी. वेग सारख्या दराने कमी होत असल्यामुळे रॅम्पच्या सुरुवातीला सरासरीच्या दुप्पट पॉवर परत येते. 40 सेकंदांसाठी ती सुमारे 13 किलोवॉट होते. तुमचा 100 ओहमचा रेझिस्टर 780 व्होल्टला जेमतेम 6 किलोवॉट घेतो, म्हणून पहिल्या काही क्षणांतच बस वर जाते. रेझिस्टर गरम होतो याचा अर्थ चॉपर चालू आहे. तो थंड राहिला असता तर आधी ब्रेकिंगचे सेटिंग आणि वायरिंग पाहायला सांगितले असते. 40 ओहमचा रेझिस्टर 15 किलोवॉट घेईल, करंट 19.5 अँपिअर राहील आणि मोटरचा टॉर्कही रेटिंगच्या आत बसेल. मात्र ओव्हरव्होल्टेज स्टॉल प्रिव्हेन्शन चालू असेल तर ते बंद करावे, नाहीतर ड्राइव्ह स्वतःच रॅम्प लांबवते.

उद्यमनगर_पॅनेल: धन्यवाद साहेब. मग 40 ओहम 500 वॉटचा रेझिस्टर पुरेल का?

ड्राइव्ह_दुरुस्ती: 500 वॉटचा घेऊ नये. ट्रिप होणे ओहमवर ठरते, रेझिस्टर टिकणे वॉटवर. दर दहा मिनिटांनी एक स्टॉप धरला तर सरासरी 450 वॉटच्या आसपास येते आणि कागदावर ते बसते. पण त्या 40 सेकंदांत सरासरी साडेसहा किलोवॉट, म्हणजे रेटिंगच्या तेरापट. इतका वेळ तेरापट भार वायरवाउंड रेझिस्टर सोसेल असे मी मानत नाही. मी ग्रिड प्रकारचा, काही किलोवॉटचा घेतला असता आणि त्याला थर्मोस्टॅट लावला असता. नेमका आकडा मात्र उत्पादकाच्या ओव्हरलोड वक्रावरूनच ठरवावा. माझ्या अंदाजावर ऑर्डर देऊ नये.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. ड्राइव्ह ट्रिप झाली की तिचे आउटपुट बंद होते आणि बास्केट ब्रेकशिवाय बराच वेळ फिरत राहते. झाकणाचे इंटरलॉक ड्राइव्हच्या रन सिग्नलवर असेल तर ते त्याच क्षणी उघडेल आणि कामगाराचा हात फिरत्या बास्केटमध्ये जाईल. ते बास्केटच्या प्रत्यक्ष वेगावर, सेन्सर लावून घ्यावे.

कागल_मेंटेनन्स: डीसी इंजेक्शन देऊन पाहिले तर? रेझिस्टरचा खर्चच वाचेल.

ड्राइव्ह_दुरुस्ती: तेवढीच ऊर्जा मग रोटरमध्ये उतरते. दर दहा मिनिटांनी 265 किलोज्यूल ही मोटर किती दिवस सोसेल, हे मला सांगता येणार नाही. शेवटच्या काही आरपीएमसाठी ते ठीक आहे.

उद्यमनगर_पॅनेल: इंटरलॉक खरोखरच रन सिग्नलवर आहे, जुन्या पॅनेलमध्येही तसेच होते. सेन्सर बसेपर्यंत रॅम्प 90 सेकंदच ठेवतो आणि ट्रिप झाली तरी झाकण उघडू नये म्हणून त्याला टायमरने अडवून ठेवतो. 40 ओहमच्या ग्रिडचा वक्र मागवला आहे. तो आल्यावर इथेच टाकेन. पूर्ण भरलेल्या बास्केटला 300 किलोपेक्षा जास्त वजन येते का, हेही तोवर काट्यावर पाहून घेतो, कारण ओले कापड नेहमी सारखे भरले जात नाही.