अब्बासींनी नवमुस्लिमांना खरंच काय दिलं?

> अब्बासी आल्यावर अरबेतर मुसलमानांना बरोबरी आणि उलेमांना मान मिळाला, असं सरळ म्हणता येईल का?

पहिला भाग बराचसा खरा आहे, दुसरा अर्धाच. अब्बासींच्या आधी सत्तेवर असलेल्या उमय्या खलिफांच्या काळात इस्लाम स्वीकारणाऱ्या इराण्याला एखाद्या अरब टोळीचा आश्रित, म्हणजे ‘मवाली’ व्हावं लागे. इराकचा सुभेदार हज्जाज तर धर्मांतरितांकडूनही जिझिया घेई, कारण सगळेच मुसलमान झाले तर खजिना भरणार कसा? उमय्या खलिफा दुसऱ्या उमरनं (७१७–७२०) ते थांबवायचा प्रयत्न केला, पण तो टिकला नाही. ७४७ मध्ये इराणच्या पूर्वेकडच्या खुरासानात अबू मुस्लिमनं अब्बासींच्या बाजूनं बंड पुकारलं तेव्हा ही खदखद कामी आली, मात्र त्याच्या फौजेत तिथे स्थायिक झालेले अरबही होते, हे विसरू नये. अब्बासींची सत्ता आल्यावर बर्मकी हे नवमुस्लिम इराणी घराणं वजिरीपर्यंत पोचलं.

उलेमांचं मात्र वेगळं. इराकमधल्या कूफ्याचे धर्मशास्त्री अबू हनीफा स्वतः मवाली, रेशमी कापडाचे व्यापारी. उमय्या सुभेदारानं देऊ केलेलं पद नाकारलं म्हणून त्यांना फटके बसले, असं चरित्रकार सांगतात. पुढे अब्बासी खलिफा मन्सूरनं काझीपद देऊ केलं, तेही त्यांनी नाकारलं, आणि ७६७ मध्ये बगदादच्या कैदेत ते वारले. माझ्या मते सत्तांतराचा खरा कस इथे लागतो: स्वतंत्र विद्वान दोन्ही राजवटींना खुपला. त्यांचेच शिष्य अबू यूसुफ यांनी मात्र हारून अल-रशीदच्या दरबारात मुख्य काझीपद स्वीकारलं. त्याच्यासाठी त्यांनी जमीन महसुलावर ग्रंथ लिहिला, आणि अबू हनीफांच्या, म्हणजे हनफी, मताला राज्याचा आधार मिळाला.