प्रतिसाद : रिस्टोरेशन पहिल्याच बिलाला का मिळत नाही

> पाच लाखांची पॉलिसी, बायपासचं बिल सात लाख. रिस्टोरेशन आहे, तरी वरचे दोन लाख नाकारले. हे बरोबर आहे का?

बहुतेक पॉलिसींच्या शब्दरचनेनुसार बरोबर आहे, जरी विकताना हे कुणी स्पष्ट सांगत नाही. रिस्टोरेशन म्हणजे विमा रक्कम संपल्यावर कंपनीने त्याच पॉलिसी वर्षात ती पुन्हा भरून देणे, आणि ही पुन्हा भरलेली रक्कम साधारणपणे पुढच्या दाव्यासाठी असते. ज्या दाव्यामुळे मूळ विमा रक्कम संपली, त्याच दाव्यातली तूट ती भरून काढत नाही. त्यामुळे या बिलात पाच लाखच मिळतील, पण त्याच पॉलिसी वर्षात पत्नीला पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल करावे लागले, आणि पॉलिसी फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या कुटुंबासाठी मिळून एकच, असेल, तर तिच्यासाठी नव्याने भरलेले पाच लाख उपलब्ध असतील.

खरी अडचण तुम्हालाच पुन्हा दाखल व्हावे लागले तर येते. काही पॉलिसी त्याच व्यक्तीच्या त्याच आजाराला रिस्टोरेशन देत नाहीत, तर काही ठरावीक दिवसांच्या अंतरानंतर देतात. शिवाय ‘एक आजार’ या प्रमाणित व्याख्येत रुग्णालयातील शेवटच्या सल्ल्यापासून ४५ दिवसांत उलटलेला आजारही धरला जातो, म्हणून तिसाव्या दिवशी त्याच कारणाने झालेली भरती नवा दावा मानली जाईलच असे नाही.

आपल्या पॉलिसीत ‘related illness’ आणि ‘subsequent claim’ हे शब्द शोधा. ‘complete exhaustion’ असे लिहिले असेल, तर मूळ रकमेतले दहा हजार शिल्लक असतानाही रिस्टोरेशन सुरू होत नाही. न वापरलेली पुनर्भरित रक्कम सहसा पुढच्या वर्षात जात नाही.