मदत हवी आहे: गॅस्ट्रिन, सिक्रेटिन, सीसीके यांच्या तक्त्यात 'कशामुळे स्रवते' हा रकाना नीट बसत नाहीये

निळाई

नमस्कार. शरीरक्रियाशास्त्राच्या उजळणीसाठी गॅस्ट्रिन, सिक्रेटिन आणि कोलेसिस्टोकायनिन (पुढे सीसीकेच म्हणते) या तिघांचा एकच तक्ता करते आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री एवढ्यावर नजर टाकली की भागावं, अशी इच्छा आहे. आत्ता तो असा दिसतो:

| संप्रेरक | पेशी | कशामुळे स्रवते | कुठे काम करते |
|---|---|---|---|
| गॅस्ट्रिन | जी पेशी, अँट्रम | अन्न, व्हेगस, जठर ताणलं जाणं | जठर |
| सिक्रेटिन | एस पेशी, ड्युओडेनम | आम्ल | स्वादुपिंड |
| सीसीके | आय पेशी, ड्युओडेनम आणि जेजुनम | स्निग्ध पदार्थ | पित्ताशय, स्वादुपिंड |

पेशींच्या रकान्याबद्दल शंका नाही. तिसरा रकाना मात्र पटत नाही. जेवल्यावर तिन्ही स्रवतात, मग गॅस्ट्रिनपुढे 'अन्न' लिहून काय कळलं? शेवटच्या रकान्यात स्वादुपिंड दोनदा आलंय, तेही खटकतं.

खरी अडचण सरावाच्या एका प्रश्नात आली. रुग्णाला वारंवार अल्सर होतात, जुलाबही आहेत. उपाशीपोटी गॅस्ट्रिन ६४० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर, जठररसाचा पीएच १.५. शिरेतून सिक्रेटिन दिल्यावर ५ मिनिटांनी गॅस्ट्रिन ९८०. निदान विचारलंय. पण सिक्रेटिन गॅस्ट्रिनला कमी करतं असं शिकलोय ना? मग इथे वाढलं कसं, आणि हे तक्त्यात कुठे लिहायचं?

अवकाश

फार खोलात जाऊ नका. प्रथिनं म्हणजे गॅस्ट्रिन, आम्ल म्हणजे सिक्रेटिन, स्निग्ध म्हणजे सीसीके. एकाला एक. मी एवढ्यावरच पेपर दिला होता.

व्हेगसपुढे ॲसिटिलकोलिन लिहून ठेवा. व्हेगसच्या टोकाशी ते सुटतं आणि जी पेशीला चेतवतं, म्हणून ॲट्रोपिन दिलं की गॅस्ट्रिन थांबतं.

तुमच्या रुग्णाचं उत्तर सोपं आहे. सिक्रेटिनमुळे बायकार्बोनेट आलं, आम्ल निवलं, आम्लाचा जी पेशीवरचा लगाम सुटला, म्हणून गॅस्ट्रिन वाढलं.

पानगळ

गॅस्ट्रिनचा विषय निघालाच आहे तर विचारते. मी बरेच महिने ओमेप्राझोल घेते आहे. तपासणीत गॅस्ट्रिन नेहमीपेक्षा बरंच जास्त आलंय. वरच्या रुग्णासारखंच काही असेल का? झोप लागत नाहीये.

तिसरीघंटा

आधी पानगळ यांना. ओमेप्राझोलने आम्ल कमी झालं की जी पेशींवरचा दाब उठतो आणि गॅस्ट्रिन चढतं. निरोगी माणसातही असं होतं, त्यामुळे नुसत्या त्या आकड्यावरून गाठ आहे असं म्हणता येत नाही. वरच्या प्रश्नात गॅस्ट्रिनच्या शेजारी पीएच १.५ दिलाय, तुमच्या अहवालात पीएच नसेल. फरक तिथेच आहे. गोळी मनाने बंद करू नका. खरोखर जास्त आम्ल बनत असेल तर अचानक थांबवणं धोक्याचं ठरू शकतं. गोळी थांबवून पुन्हा मोजायचं का, कधी आणि कुणाच्या देखरेखीखाली, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा.

आता निळाई. रकाना खटकतोय कारण त्यात चेतवणारं लिहिलंय, थांबवणारं नाही. आम्ल हा शब्द तुमच्या तक्त्यात एकदाच आलाय, तो दोनदा यायला हवा. जठरात पीएच ३ च्या खाली उतरू लागला की जी पेशी मंदावतात, आणखी उतरला की जवळपास बंद होतात. शेजारच्या डी पेशींतून निघणारं सोमॅटोस्टॅटिन हे घडवतं. तेच आम्ल पुढे ड्युओडेनममध्ये जाऊन तिथला पीएच ४.५ च्या खाली नेतं, तेव्हा एस पेशी जाग्या होतात. जे आम्ल गॅस्ट्रिनला थांबवतं तेच सिक्रेटिनला सोडतं. ही एक जोडी लक्षात राहिली तर अर्धा तक्ता आपोआप आठवतो.

अवकाश यांची 'एकाला एक' जोडी प्रथिनांपाशी तुटते. प्रथिनांचे तुकडे आणि अमिनो आम्लं गॅस्ट्रिन सोडतात हे खरं, पण ड्युओडेनममध्ये पोचल्यावर तीच सीसीकेही सोडतात. आणि 'स्निग्ध पदार्थ' हेही ढोबळच झालं. अख्खं ट्रायग्लिसराइड आय पेशीला जाणवत नाही. लायपेजने ते फोडून स्निग्धाम्लं मोकळी केली की मग सीसीके सुटतं. तेव्हा तिथे 'स्निग्धाम्लं, मोनोग्लिसराइड, पेप्टाइड, अमिनो आम्लं' असं लिहा.

व्हेगसचंही तसंच. जी पेशीपाशी व्हेगसचे तंतू जे सोडतात ते गॅस्ट्रिन रिलीजिंग पेप्टाइड, ॲसिटिलकोलिन नव्हे. म्हणून ॲट्रोपिनने हा मार्ग बंद होत नाही. पॅरायटल पेशीवर मात्र ॲसिटिलकोलिन थेट काम करतं आणि तिथे ॲट्रोपिन चालतं. परीक्षक नेमकं हेच विचारतात.

अवकाश

ॲट्रोपिनचं मान्य. पण रुग्णाच्या बाबतीत माझं म्हणणं चुकीचं का? आम्ल कमी झालं की गॅस्ट्रिन वाढतं, हे तुम्हीच पानगळ यांना सांगितलंत.

तिसरीघंटा

सांगितलं, पण तिथे आम्ल जठरातच कमी झालं होतं. बायकार्बोनेट ओतलं जातं ते ड्युओडेनममध्ये, आणि जी पेशी पीएच जोखतात तो अँट्रममधला. खालच्या खोलीत दिवा लावला म्हणून वरची उजळत नाही. शिवाय वेळ पाहा. या चाचणीत गॅस्ट्रिन बहुधा पहिल्या १० मिनिटांतच शिखर गाठतं, जठरातलं आम्ल निवून लगाम सुटायला एवढ्यात सवडच नसते. सगळ्यात पक्का पुरावा म्हणजे निरोगी माणूस. त्यालाही तेवढंच सिक्रेटिन दिलं तर त्याच्याही स्वादुपिंडातून बायकार्बोनेट येतं, पण गॅस्ट्रिन फारसं हलत नाही किंवा उतरतं.

आता प्रश्नातले आकडे क्रमाने घेऊ. पीएच १.५ असताना निरोगी जी पेशी जवळपास बंद असायला हव्यात, तरी गॅस्ट्रिन ६४०. म्हणजे आम्लाला न जुमानणारा गॅस्ट्रिनचा दुसरा स्रोत शरीरात आहे. सिक्रेटिननंतर ९८०, म्हणजे ३४० ची वाढ. १२० किंवा त्याहून जास्त वाढ झाली तर चाचणी सकारात्मक धरतात. गॅस्ट्रिनोमाच्या पेशींवर सिक्रेटिनचे ग्राहक असतात आणि सिक्रेटिन बसलं की त्या थेट गॅस्ट्रिन सोडतात. निदान झॉलिंजर-एलिसन सिंड्रोम, १९५५ साली वर्णन झालेलं. गाठ बहुतेक वेळा ड्युओडेनममध्ये किंवा स्वादुपिंडात सापडते, अँट्रममध्ये नाही.

जुलाबही याच तक्त्यातून सुटतात. आम्ल इतकं येतं की एस पेशी सतत चेतलेल्या, स्वादुपिंड बायकार्बोनेट ओततंय, तरी ते पुरं पडत नाही. आतड्यातला पीएच खाली राहिल्याने लायपेज निकामी होतं आणि स्निग्ध पदार्थ न पचता बाहेर पडतात. शिवाय एवढा जठररस आतड्यात उतरतो त्याचं पाणी वेगळंच. तेव्हा ही गोष्ट तक्त्याच्या आत घालू नका, खाली एका ओळीत लिहा. तक्ता निरोगी शरीराचा आहे आणि ही ओळ त्याला अपवाद आहे.

निळाई

आता पीएच कशाला दिला होता ते कळलं. मी फक्त गॅस्ट्रिनचे आकडे पाहत होते. स्वादुपिंड दोनदा येतंय त्याचं काय करू?

तिसरीघंटा

अवयवापाशी थांबू नका, पेशीपर्यंत जा. सिक्रेटिन नलिकांच्या पेशींवर काम करतं, पेशीत सायक्लिक एएमपी वाढवतं, आणि भरपूर, पातळ, बायकार्बोनेटयुक्त पण एन्झाइम कमी असलेला रस येतो. सीसीकेचं लक्ष्य ॲसिनर पेशी. तिथे कॅल्शियमच्या मार्गाने एन्झाइम सुटतात, रस थोडा पण एन्झाइमने दाट. दोन्ही एकत्र असली की बायकार्बोनेट दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त येतं, आणि जेवणानंतर ती एकत्रच असतात.

सीसीकेच्या ओळीत ओडीचा स्फिंक्टर सैल होणं विसरू नका. पित्ताशय आकुंचन पावलं आणि दार बंदच राहिलं तर पित्त जाणार कुठे?

निळाई

मग हे असं चालेल का?

| संप्रेरक | पेशी | चेतवतं | थांबवतं | लक्ष्य |
|---|---|---|---|---|
| गॅस्ट्रिन | जी पेशी, अँट्रम (थोड्या ड्युओडेनममध्ये) | पेप्टाइड, अमिनो आम्लं, जठराचा ताण, व्हेगस (जीआरपीमार्फत) | अँट्रममधलं आम्ल (सोमॅटोस्टॅटिनमार्फत) | ईसीएल पेशी (हिस्टामिन), पॅरायटल पेशी. जठराच्या अस्तराची वाढ |
| सिक्रेटिन | एस पेशी, ड्युओडेनम | पीएच ४.५ च्या खाली | आम्ल निवणं | स्वादुपिंडाच्या आणि पित्ताच्या नलिका: बायकार्बोनेट, जठर: आम्ल कमी |
| सीसीके | आय पेशी, ड्युओडेनम, जेजुनम | स्निग्धाम्लं, मोनोग्लिसराइड, पेप्टाइड, अमिनो आम्लं | ती पुढे सरकणं | ॲसिनर पेशी: एन्झाइम, पित्ताशय आकुंचन, ओडी सैल, जठर रिकामं होण्याचा वेग कमी |

अपवाद: गॅस्ट्रिनोमात सिक्रेटिनने गॅस्ट्रिन वाढतं.

तिसरीघंटा

चालेल. गॅस्ट्रिनच्या लक्ष्यात ईसीएल पेशी आधी लिहिलीत ते बरं केलंत. आम्ल वाढवण्याचा मोठा वाटा हिस्टामिनमार्फतच असतो, बरेच जण थेट पॅरायटल पेशीवर उडी मारतात.

दुपारचा_वाचक

एक हरकत. सीसीकेपुढे 'ॲसिनर पेशी' असं ठाम लिहिता येतं का? उंदरांत ते थेट काम करतं हे ठीक. माणसात जेवणानंतर रक्तात असते तेवढ्या पातळीचं सीसीके दिलं आणि सोबत ॲट्रोपिन दिलं, तर एन्झाइमचं प्रमाण खूप उतरतं. म्हणजे बराचसा संदेश व्हेगसच्या तंतूंमधून फिरून येत असणार.

तिसरीघंटा

बरोबर मुद्दा आहे, मीही वर सरळसोट लिहिलं. मात्र माणसाच्या वेगळ्या काढलेल्या ॲसिनर पेशी सीसीकेला थेट दाद देतात की नाही, यावरच्या प्रयोगांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. मी शिकवताना दोन्ही मार्ग सांगतो, कुठला किती मोठा ते सांगत नाही. निळाई, परीक्षेच्या तक्त्यात 'ॲसिनर पेशी (थेट आणि व्हेगसमार्फत)' लिहा.

अवकाश

म्हणजे ॲट्रोपिनने गॅस्ट्रिन थांबत नाही, पण सीसीकेचं एन्झाइमवरचं काम कमी होतं? मी नेमकं उलटं धरून बसलो असतो.

पानगळ

डॉक्टरांशी बोलले. पुढच्या तपासणीत जठररसाचा पीएचही मोजणार आहेत. गोळी सध्या सुरूच आहे.