चोळांनी १०२५ मध्ये समुद्रापार राज्य केलं, की एकच मोठी धाड टाकली?

मुचकुंद: सध्या एक नकाशा सगळीकडे फिरतोय. त्यात सुमात्रा, मलाया, थायलंडचा दक्षिण भाग असं सगळं चोळांच्या रंगात रंगवलंय. राजेंद्र चोळाने इ.स. १०२५ च्या सुमारास सुमात्रातल्या श्रीविजय राज्यावर स्वारी केली हे मी मानतो. पण तिथे चोळांचं राज्य होतं का? की मारलं, लुटलं आणि परत आले? मत सांगा आणि कशाच्या आधारावर तेही सांगा.

पूर्वसागर: राज्य होतंच. तंजावरच्या मोठ्या देवळाच्या भिंतीवर राजेंद्राने जिंकलेल्या ठिकाणांची यादी कोरली आहे. श्रीविजय, पण्णै, मलैयूर, इलंगाशोक, तलैत्तक्कोलम, मादमलिंगम, इलामुरीदेशम, नक्कवारम आणि कडारम धरून तेरा नावं भरतात. श्रीविजयचा राजा संग्रामविजयोत्तुंगवर्मन पकडला गेला, त्याच्या नगराचं विद्याधर-तोरण आणि रत्नजडित दार उचलून आणलं. तेरा बंदरं घेणारा माणूस ती सोडून कशाला येईल? श्रीलंका नाही सोडली त्यांनी, ९९३ पासून १०७० पर्यंत ठाण मांडून बसले होते. श्रीविजय या माराने संपलं, हे मान्य करायला आपल्याच लोकांना जड का जातं ते कळत नाही.

ताम्रपट: पूर्वसागर, श्रीलंकेचं उदाहरण चांगलं काढलंत, पण ते तुमच्याच विरुद्ध जातं. श्रीलंकेत चोळ राहिले म्हणून तिथे त्यांच्या खुणा पावलोपावली आहेत. पोलोन्नरुवाला जननाथमंगलम हे नवं नाव दिलं, शिवाची देवळं बांधली, तमिळ शिलालेख कोरले. कडारम म्हणजे आजचं मलेशियातलं केदाह आणि श्रीविजय म्हणजे सुमात्रातलं पालेंबांग. या दोन्ही ठिकाणी चोळ अधिकाऱ्याचा एकही लेख नाही, जमिनीची मोजणी नाही, सारा नाही.

हे चोळ कसे होते ते लक्षात घ्या. लायडन ताम्रपट म्हणून ओळखला जाणारा अनैमंगलमचा ताम्रपट बघा. एका गावाचं उत्पन्न दान द्यायचं, तर २१ पत्रे खर्ची पडले. गावाची हद्द ठरवायला हत्तीण फिरवली. ती कुठल्या ओढ्यापाशी वळली, कुठल्या पाटाच्या कडेने गेली, कोणत्या शेताला लागून चालली, सगळं लिहून ठेवलं. भाताच्या उत्पन्नाचा आकडा शेवटच्या मापापर्यंत दिला. इतकं बारीक लिहिणारं सरकार सुमात्रा पन्नास वर्षं चालवेल आणि त्याबद्दल एक ओळही लिहिणार नाही, हे मला पटत नाही.

श्रीविजय संपलं म्हणता, तर १०२८ मध्ये, म्हणजे मार खाऊन जेमतेम तीन वर्षांनी, त्यांचं शिष्टमंडळ चीनच्या सोंग दरबारात हजर होतं. पुढे १०६८ च्या सुमारास राजेंद्राचा मुलगा वीरराजेंद्र याने पुन्हा कडारम जिंकलं आणि मदत मागायला आलेल्या राजाला ते परत दिलं. हे त्याच्याच लेखात अभिमानाने सांगितलंय. नकाशा रंगवणाऱ्यांनी निदान तेवढं वाचायला हवं होतं.

दर्यावर्दी: शिलालेखातलं मला कळत नाही, पण मी बरीच वर्षं मालवाहू जहाजांवर डेकवर होतो आणि तो रस्ता मला पाठ आहे. ती नावं वाचून मी नकाशा उघडला. नक्कवारम म्हणजे निकोबार, इलामुरीदेशम म्हणजे सुमात्राचं उत्तर टोक. या दोघांच्या मधूनच आजही सगळी जहाजं मलाक्काच्या सामुद्रधुनीत शिरतात. पलीकडे आत शिरलं की समोर केदाह. तिथला गुनुंग जेराई नावाचा डोंगर बाराशे मीटरहून उंच आहे आणि किनारा दिसायच्या आधी तो दिसतो. होकायंत्र नसलेल्या माणसाला नागपट्टणमवरून निघून श्रीलंकेला वळसा घातल्यावर साधारण सहा अंश अक्षांश धरून पूर्वेला जात राहायचं आणि जेराई शोधायचा, एवढंच काम. नैर्ऋत्य मोसमी वारा पाठीशी घेऊन जायचं आणि ईशान्येचा वारा सुटला की परत यायचं.

म्हणून मला वाटतं की ही धाडच होती. त्या वाऱ्यांत ये-जा वर्षातून एकदाच. केदाहला ठाणं ठेवलं आणि तिथे बंड झालं, तर तंजावरला बातमी पोचून कुमक यायला वर्ष उलटणार. श्रीलंकेला होडी एका रात्रीत जाते. या दोन गोष्टी सारख्या नाहीत.

कोकणकडा: आपल्या मराठा आरमाराचा विषय इथे यायलाच हवा. कान्होजी आंग्र्यांनी इंग्रज आणि पोर्तुगीजांना पाणी पाजलं. चोळांनी समुद्रात एकही किल्ला बांधला नाही, मग त्यांना आरमारी सत्ता म्हणायचं कशाच्या जोरावर?

ताम्रपट: कोकणकडा, धागा त्याबद्दल नाही, पण उत्तर देतो. आंग्र्यांना घराजवळचा किनारा राखायचा होता, त्यासाठी विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, कुलाबा हवेच होते. राजेंद्राच्या किनाऱ्यावर कुणी आरमारी शत्रू चालून येत नव्हता. त्याला दुसऱ्याचं जकातीचं नाकं फोडायचं होतं. कामं निराळी, साधनं निराळी.

कावेरीकाठ: आमचं घराणं तंजावरचं, घरात अजून तंजावरी मराठी बोलतो. ज्या देवळाच्या भिंतीवर राजेंद्राचा लेख आहे, त्याच देवळात सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरलेला भोसल्यांचा मराठी इतिहास आहे. लहानपणापासून दोन्ही पाहिलेत.

मला एक गोष्ट कधीच उलगडली नाही. ताम्रपट ज्या दानाबद्दल सांगताहेत, ते दान कुणाला होतं? नागपट्टणमच्या चूडामणी विहाराला. तो विहार श्रीविजयच्या राजाने आपल्या वडिलांच्या नावे बांधला, राजराजाने त्याला अनैमंगलम गाव दिलं आणि बापाचा तो शब्द ताम्रपटावर कायम केला खुद्द राजेंद्राने. ज्याच्या विहाराला गाव दिलं, त्याच्याच राजधानीचं दार वीस वर्षांच्या आत उखडून आणलं! आणि विहार मात्र चालूच राहिला, १०९० मध्ये पुढचा चोळ राजा कुलोत्तुंग याने त्याच्या सवलती पुन्हा मान्य केल्या. नागपट्टणमला साडेतीनशेच्या आसपास बौद्ध कांस्यमूर्ती सापडल्या आहेत. शेवटचा उरलेला मनोरा १८६७ मध्ये पाडला, त्याचं आजही वाईट वाटतं. मग हे भांडण नेमकं कशाचं होतं?

ताम्रपट: धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न. मला पटणारं उत्तर व्यापाराचं आहे. चीनकडे जाणारा माल सामुद्रधुनीतून जायचा आणि तिथली बंदरं श्रीविजयच्या मुठीत. कोण थांबेल, किती जकात भरेल, चीनच्या दरबारात कोणाची काय ओळख करून दिली जाईल, हे तेच ठरवणार. १०१५ मध्ये चोळांचं पहिलं शिष्टमंडळ सोंग दरबारात पोचलं, वाटेत तीन वर्षांहून जास्त गेली होती. आणि चिनी नोंदी चोळांना श्रीविजयच्या हाताखालचं राज्य समजत. १०२५ च्या मारानंतर कितीतरी वर्षांनी, ११०६ मध्येसुद्धा, त्यांच्या दरबारात हेच सांगितलं गेलं. ही माहिती त्यांना कोणी पुरवली असेल, याचा विचार करा.

दुसरं मत असं की कंबुजचा, म्हणजे आजच्या कंबोडियाचा, राजा सूर्यवर्मन आणि मादमलिंगम यांच्या वैरात चोळ ओढले गेले. सूर्यवर्मनने राजेंद्राला रथ भेट पाठवल्याचं करंदै ताम्रपटात आहे. तिसरं मत, गंगेपर्यंत जाऊन आल्यावर कीर्तीसाठी आणखी एक दिग्विजय. मी पहिल्याच्या बाजूने आहे, पण तिसरं मत खोडून काढता येत नाही.

पूर्वसागर: ठीक आहे, सुभेदार नव्हते हे धरून चालू. पण पुढचं बघा. १०७७ मध्ये चोळांचे ७२ लोक चीनला गेले आणि बदल्यात ८१,८०० माळा तांब्याची नाणी घेऊन आले. सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यावर बारूसला १०८८ चा तमिळ लेख सापडला. तमिळ व्यापारी परक्या बंदरात आपले नियम दगडावर कोरतात, ही सत्ता नाही तर काय? १०२५ ची धाड झाली नसती तर हे घडलं असतं का?

ताम्रपट: बारूसचा लेख तुम्ही काढलात हे फार बरं झालं, कारण खरा प्रभाव तिथे दिसतो. तो लेख राजाचा नाहीच. तो ऐन्नूर्रुवर, म्हणजे पाचशेंच्या व्यापारी संघाचा आहे. बंदरात आलेल्या जहाजाच्या तांडेलाने आणि माणसांनी कस्तुरीच्या भावाच्या हिशेबाने सोन्यात वर्गणी भरायची, मगच पायघडीवर पाऊल टाकून आत यायचं, असा नियम त्यात आहे. बारूसला कापूर मिळायचा आणि त्याला सगळीकडे मागणी होती. संघ आपली वसुली स्वतः करत होता, तंजावरच्या वतीने नाही.

१०७७ च्या नजराण्यात काय होतं तेही बघा. काचेची भांडी, कापूर, गुलाबपाणी, हिंग, लवंग, टाकणखार, हस्तिदंत. यातलं कावेरीकाठी पिकणारं किती? ही दलाली होती, पश्चिमेचा आणि बेटांवरचा माल पुढे नेण्याची.

आणि धाडीशिवाय हे झालं असतं का? थायलंडच्या ताकुआ पा इथे नवव्या शतकातला तमिळ लेख आहे, त्यात मणिग्रामम या व्यापारी संघाच्या रक्षणाखालच्या तळ्याचा उल्लेख आहे. तेव्हा चोळ अजून मोठे झालेच नव्हते, पल्लवांचा काळ चालू होता. व्यापारी आधी गेले, राजा मागून आला.

पूर्वसागर: आधी गेले हे खरं, पण परक्याच्या मेहेरबानीवर राहत होते. १०२५ नंतर ते वसुली करायला लागले. हा फरक तुम्ही हलका करताय.

ताम्रपट: वेळेचं गणित जुळतं हे मान्य. पण कारण तेच होतं हे दाखवणारा लेख माझ्यासमोर नाही, तुमच्याही नाही.

दर्यावर्दी: माझी शंका वेगळीच आहे. एवढी जहाजं आणली कुठून? सैन्य, पाणी, तांदूळ घेऊन हजार मैलांहून जास्त जायचं म्हणजे चेष्टा नाही. आरमाराच्या अधिकाऱ्यांची, गोदीची, खलाशांच्या पगाराची काही नोंद आहे का?

ताम्रपट: लेखात “उसळत्या समुद्रात अनेक जहाजं पाठवून” एवढंच आहे. किती, कोणती, कोणाची, काही नाही. देवळातल्या नर्तकींची नावं-पत्ते भिंतीवर कोरणाऱ्यांनी जहाजांबद्दल हे मौन ठेवलंय. म्हणून मला वाटतं की कायमचं आरमार असं फारसं नसावं. व्यापाऱ्यांचीच जहाजं मोसमापुरती घेतली, वर सैनिक चढवले. व्यापाऱ्यांचा त्यात फायदाच होता आणि वाट दाखवणारे तांडेलही त्यांचेच.

कावेरीकाठ: तसं असेल तर नागपट्टणमच्या धक्क्यावर श्रीविजयचे व्यापारीही असणार. त्यांना तयारी दिसली नसेल का? की त्यांच्यातलेच काही सामील होते?

दर्यावर्दी: मला तेच वाटतं. सामुद्रधुनीत शिरून केदाह बाजूला ठेवून थेट पालेंबांगपर्यंत जायचं असेल, तर आतल्या उथळ पाण्यात तिथला माहीतगार हवाच. पालेंबांग समुद्रावर नाही, मुसी नदीतून बरंच आत जावं लागतं. भरती-ओहोटी आणि गाळ माहीत नसलेला माणूस तिथे जहाज रुतवून बसेल.

ताम्रपट: लेखात श्रीविजय आधी आणि कडारम शेवटी आहे, त्यावरून तुम्ही म्हणता तसा मार्ग काढणारे अभ्यासक आहेत. फक्त प्रशस्ती, म्हणजे राजाची स्तुती करणारा असा लेख, ही जहाजाची रोजनिशी नव्हे, कवीने नावं वृत्तात बसवली असतील. सामील कोण होतं याबद्दल मात्र कावेरीकाठ यांच्या शंकेला माझ्याकडे उत्तर नाही.

मुचकुंद: मग नकाशात एकच रंग भरणं चूक, हे माझ्यापुरतं पक्कं झालं. नागपट्टणम, केदाह, ताकुआ पा, बारूस, पालेंबांग असे ठिपके आणि मधल्या वाटा काढून बघतो. पूर्वसागर, बारूसचा ठिपका कोणत्या रंगात काढू, ते तुम्ही आणि ताम्रपट मिळून ठरवा.

पूर्वसागर: चोळांच्याच.

ताम्रपट: पाचशेंच्या.