नागीण, आग की जळजळ? एका रुग्णपत्रकातला अडलेला शब्द

रानजाई: एका दवाखान्याचं पत्रक मराठीत आणते आहे. मी लिहिलं, 'एका बाजूच्या कुल्ल्यावर आणि जननेंद्रियाच्या भागात आधी जळजळ होते, काही दिवसांनी फोड येतात.' मावशी म्हणाली, जळजळ लघवीची नाहीतर छातीची, कातडीची ती आग. आणि आजाराचं नाव काय लिहू, नागीण की हर्पीस?

शब्दवेडा: दोन्ही नको, 'विसर्प' लिहा. हर्पीसचं मूळ ग्रीकमध्ये सरपटणं, आपला सर्पही त्याच कुळातला. घरचा शब्द असताना परका कशाला?

त्वचावाले काका: कूळ बरोबर आहे, पण विसर्प म्हटलं की बरेच जण धावरं समजतात. नुसतं हर्पीस तर मुळीच नको. त्या जागेवर फोड आणि कागदावर हर्पीस, की घरात संशय शिरतो. लैंगिक संबंधातून होणाऱ्या हर्पीसचा विषाणू वेगळा. नागिणीचा विषाणू कांजिण्यांचा, वर्षानुवर्षं नसेच्या मुळाशी निजलेला. फोड एकाच जागी पुन्हा पुन्हा येत असतील, तर मात्र फोडातलं पाणी तपासायला पाठवावं.

माळरान: पण नागीण कमरेला वेढा घालते ना? तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो, असं आजी म्हणायची.

त्वचावाले काका: जुळत नाही हो. ती बहुधा एका बाजूच्या एकाच नसेच्या पट्ट्यात येते, म्हणून अंगाच्या मधल्या रेषेशी थांबते. माकडहाडाच्या वरच्या हाडातून निघणारी नस धरली, तर पट्टा कुल्ल्यावरून जननेंद्रियापर्यंत जातो.

एकटाप्रवासी: मला गेल्या वर्षी उजवीकडे झाली. मीही 'जळजळ' म्हणालो, म्हणून लघवी तपासली. त्यात काही निघालं नाही. तिसऱ्या दिवशी पाण्याने भरलेले फोड आले, त्याच संध्याकाळी लघवी अडली. दोन दिवस नळी होती. किडनीचा रिपोर्ट पाहून व्हॅलासायक्लोविर दिली, 1 ग्रॅम दिवसातून 3 वेळा, 7 दिवस. फोड सुकले, आग पुढे महिनाभर राहिली. मी पहिल्याच दिवशी 'आग' म्हणालो असतो तर?

शब्दवेडा: गोळ्या 72 तासांत हव्यात ना? म्हणजे तुमची वेळ तेव्हाच टळली होती.

त्वचावाले काका: नाही, 72 तास फोड दिसल्यापासून मोजतात. रानजाई, पत्रकात 'त्रास सुरू झाल्यापासून' लिहू नकोस, 'पहिला फोड दिसल्यापासून' लिही. नाहीतर चार दिवस आग सोसलेला माणूस उशीर झाला समजून घरीच बसेल. नवे फोड येत असतील तर 72 तासांनंतरही गोळ्या देतात. आणि लघवी अडली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, हे ठळक छाप.

रानजाई: काका, ते बदललं. 'आग' आणि 'नागीण' ठेवते.

माळरान: 'कुल्ला' बदला हो. आमच्या नागपुराकडे कुल्ला म्हणजे चूळ!

शब्दवेडा: तो हिंदीचा प्रभाव. शुद्ध शब्द 'नितंब'.

एकटाप्रवासी: नितंबाला आग लागली, असं मी डॉक्टरांना कधीच म्हणालो नसतो.