साठ टक्के भांडवल, म्हणून नफाही साठ टक्के?

कृष्णाकाठ: कराडला आम्हा तिघांचा मसाल्याचा धंदा आहे. मिरची कांडप, हळद, कांदा-लसूण मसाला. भांडवल दहा लाख. त्यात मेव्हण्यांचे सहा, मित्राचे तीन आणि माझा एक. खरेदी, कांडप, पॅकिंग, दुकानदारांची वसुली सगळं मी बघतो, ते दोघे महिन्यातून एकदा येतात. पहिल्या वर्षी 7,20,000 नफा झाला. मेव्हणे म्हणतात, भांडवलाच्या टक्क्यांनी वाटायचा, म्हणजे माझ्या वाट्याला 72,000. महिन्याला सहा हजार. लेखी काही नाही, तोंडीही ठरलं नव्हतं. हे बरोबर आहे का?

रोकडा: बरोबर आहे. आणि मी हे धंदा करणारा माणूस म्हणून सांगतोय, सावकार म्हणून नाही. बेडगी मिरची हंगामात रोखीनं उचलावी लागते. त्या वेळी सहा लाख नसते तर तुमचं यंत्र चार महिने पावडर करून उरलेलं वर्ष बंद पडलं असतं. मिरचीला बुरशी लागली असती तर सहा लाख कुणाचे गेले असते? ज्यानं जास्त बुडण्याची तयारी ठेवली त्याला जास्त मिळणार. कायदाही भांडवलाप्रमाणेच वाटा देतो.

माधुरी स.: टक्के मोजताना महिने पण धरा हो! माझ्या भावानं आमच्या केटरिंगमध्ये ऑक्टोबरला दोन लाख घातले आणि मार्चअखेर निम्मा नफा मागितला, कारण माझेही दोनच लाख होते. पण माझे बारा महिने होते, त्याचे सहा. शाळेत शिकवतात तसं भांडवल गुणिले महिने केलं तर 24 ला 12 येतात, म्हणजे मला दोन वाटे, त्याला एक. हीच खरी पद्धत आहे, भांडण मिटतं. आमचं मिटलं नाही ती गोष्ट वेगळी. तो अजून बोलत नाही माझ्याशी.

जुना हिशेबनीस: रोकडासाहेब, बुडण्याचा मुद्दा मान्य, पण कायद्याबद्दल तुम्ही म्हणता ते उलटं आहे. भारतीय भागीदारी कायदा 1932 चा, त्याचं कलम 13 बघा. भागीदारांनी काहीच ठरवलेलं नसेल तर नफा समान वाटायचा आणि तोटाही समान सोसायचा, भांडवल कितीही असो. तसंच, काही ठरलं नसेल तर काम करणाऱ्याला पगार मागता येत नाही आणि पैसे घालणाऱ्याला भांडवलावर व्याजही नाही. म्हणजे कृष्णाकाठ, आज तुमचा कायदेशीर वाटा 2,40,000 आहे.

माधुरीताई, तुमची पद्धत हिशेबाला चोख आहे. पण ती पैसे किती आणि किती काळ होते एवढंच मोजते. स्वयंपाक कुणी केला ते त्या गुणाकारात येत नाही.

कृष्णाकाठ, एक सावधगिरी मनापासून सांगतो. करार लेखीच लागतो असं नाही, वागण्यावरूनही तो धरला जातो. यंदा 72,000 मुकाट्यानं घेऊन हिशेबावर सही केलीत, तर पुढच्या वर्षी हीच वाटणी ठरलेली होती असं म्हणायला जागा राहते. बोलायचं ते आत्ता बोला.

रोकडा: कायदा चुकलो, कबूल. पण एक लाखवाल्याला आणि सहा लाखवाल्याला सारखे 2,40,000? हा कुठला न्याय? उद्या कुणी मोठी रक्कम घालायला पुढे येईल का?

जुना हिशेबनीस: न्याय नाहीच. म्हणून भागीदारी पत्र करायचं असतं. नफा हे एकच पोतं समजलात की भांडण होतं. त्यात तीन वेगवेगळे माल आहेत: पैशाचं भाडं, कामाची मजुरी आणि उरलेला खरा नफा.

तुमच्याच आकड्यांवर बघा. भांडवलावर 12 टक्के व्याज धरलं तर मेव्हण्यांना 72,000, मित्राला 36,000 आणि तुम्हाला 12,000, मिळून 1,20,000. तुमचा पगार महिना 20,000, म्हणजे वर्षाचे 2,40,000. उरले 3,60,000. ते खुशाल भांडवलाच्या टक्क्यांनी वाटा: 2,16,000, 1,08,000 आणि 36,000. एकूण मेव्हण्यांना 2,88,000, मित्राला 1,44,000, तुम्हाला 2,88,000.

रोकडा: बघा! सहा लाख घालणारा आणि एक लाख घालणारा शेवटी सारख्यावरच आले.

जुना हिशेबनीस: पगार बाजूला काढून बघा. तुम्हाला एक लाखावर 48,000 मिळाले, मेव्हण्यांना सहा लाखांवर 2,88,000. प्रत्येक रुपयाला 48 पैसे, कुणाच्याही रुपयाला कमी नाही. 20,000 हा पगार जास्त वाटत असेल तर कराडात खरेदी आणि वसुली दोन्ही करणारा माणूस कितीला मिळतो ते मेव्हण्यांनीच विचारून यावं आणि तोच आकडा लिहावा.

शेअरवाला: प्रायव्हेट लिमिटेड काढा ना. जितके शेअर तितका लाभांश, विषय संपला.

माधुरी स.: अहो, ते भागीदारीचं विचारतायत. आणि कंपनीतही काम करणाऱ्या संचालकाचा पगार ठरवावाच लागतो.

रोकडा: हिशेबनीसकाका, वाईट वर्षाचं सांगा. नफा दोनच लाख झाला तर? पगार 2,40,000. सगळा नफा पगारात गेला, वर 40,000 चा खड्डा. व्याजाचा तर प्रश्नच नाही. मग सहा लाखवाल्यानं काय करायचं?

जुना हिशेबनीस: हा तुमचा मुद्दा मात्र खरा आहे आणि बहुतेक पत्रं इथंच फसतात. कायद्यानं भांडवलावरचं व्याज फक्त नफ्यातूनच द्यायचं असतं, तोट्यात ते मिळत नाही. पगाराचं काय ते तुम्हालाच लिहावं लागतं. मी लिहिलेल्या पत्रांत बहुधा पगार आधी, पण नफ्याच्या वर नाही, मग व्याज, मग वाटणी असा क्रम ठेवला. काही ठिकाणी पगार नेहमीच्या निम्मा करून उरलेल्यातून व्याज दिलं. कुठला क्रम बरोबर यावर माझं आणि माझ्या जुन्या मालकांचं शेवटपर्यंत पटलं नाही.

आयकराचंही ऐका. भागीदाराचं व्याज 12 टक्क्यांपर्यंत आणि काम करणाऱ्या भागीदाराचा पगार ठरावीक मर्यादेपर्यंत फर्मच्या उत्पन्नातून वजा होतो. पण ते लेखी पत्रात असेल तरच, आणि पत्राच्या तारखेनंतरचंच. मागली तारीख घालून आणू नका. गेल्या वर्षाचं आपसात जे ठरेल ते ठरेल, ही वजावट आता मिळणार नाही.

कृष्णाकाठ: काल बसलो होतो. मेव्हणे पगाराला तयार आहेत, पण 12,000 च्या वर नाही. मित्र म्हणतो, पगार घे पण उरलेलं तिघांत सारखं वाट, कारण दुकानदार त्याच्याच ओळखीचे. आणि एक सांगायचं राहिलं. मसाला दळायचा पल्व्हरायझर आणि मिरचीची पोती माझ्या घरामागच्या शेडमध्ये आहेत. भाडं कधी घेतलं नाही.

रोकडा: हे पहिल्यांदा सांगायचं! मी मेव्हण्यांच्या बाजूनं बोलत होतो, पण शेड फुकट वापरून नफा मोजलाय तुम्ही. महिना पाच हजार धरले तरी वर्षाचे 60,000. खरा नफा 7,20,000 नाही, 6,60,000 आहे.

जुना हिशेबनीस: भाडं खर्चात जातं, वाटणीच्या आधी. पुढच्या वर्षासाठी साधा भाडेकरार वेगळा करा, भागीदारी पत्रात मिसळू नका. गेल्या वर्षाचं भाडं मात्र दोघांनी मान्य केलं तरच. मित्राच्या ओळखींचं काय धरायचं, हे मला आकड्यात सांगता येत नाही. त्यानं आणलेल्या दुकानांची विक्री वहीत वेगळी लिहिता का?

कृष्णाकाठ: नाही. सगळी एकाच खात्यावर आहे. आजपासून वेगळी लिहितो.