मदत हवी आहे: ऍट्रियमच्या स्मोक एक्झॉस्टमध्ये सवलत मागणारं पत्र परत आलं, गणित कसं मांडू?

पंखा_डक्ट
नमस्कार मंडळी. एका जुन्या कार्यालयीन इमारतीच्या नूतनीकरणात मेकॅनिकलचं काम माझ्याकडे आहे. मधोमध ऍट्रियम आहे, म्हणजे तळापासून छतापर्यंत मोकळा चौक, तळ 600 चौ. मी. आणि उंची 24 मी. पहिल्या मजल्याची गॅलरी 4.5 मीटरवर आहे आणि ती ऍट्रियमकडे उघडी आहे. त्यावरचे सगळे मजले काचेने बंद आहेत.

आम्हाला लागू असलेला नियम धूर बाहेर ओढायला तासाला 10 हवाबदल मागतो, म्हणजे सेकंदाला 40 घनमीटर. छतावर दोनच पंखे बसतात, दोन्ही मिळून 30. तिसऱ्याचं वजन छत पेलणार नाही, तसं स्ट्रक्चरलने लेखी दिलंय. म्हणून अग्निशमन अधिकाऱ्यांकडे डेव्हिएशन मागितलं. आग 2.5 मेगावॅटची धरली आणि धुराचा थर 6.5 मीटरच्या वर राहावा, म्हणजे गॅलरीत उभ्या माणसाच्या डोक्यावर, अशी अट घेतली. आगीची 70 टक्के उष्णता धुराबरोबर वर जाते असं धरलं, ती Qc. थराची उंची z आणि सेकंदाला तयार होणारा धूर m.

```
m = 0.071 · Qc^(1/3) · z^(5/3) + 0.0018 · Qc
Qc = 1750 kW, z = 6.5 m  →  m ≈ 22.5 kg/s
```

बाहेरची हवा 25 अंश धरली तर धूर साधारण 103 अंशांचा होतो आणि घनफळ येतं सेकंदाला 24 घनमीटर. माझ्याकडे 30 आहेत. तरी पत्र एका ओळीच्या शेऱ्यासह परत आलं: "आगीचा आकार कशावरून धरला ते स्पष्ट करावे." पुढच्या आठवड्यात सुनावणी आहे. काय जोडू?

लाल_व्हॉल्व्ह
यात अडचण काय आहे? छताला स्प्रिंकलर असतीलच. स्प्रिंकलर उघडला की आग तिथेच थांबते, म्हणून 2.5 धरायचे. आमच्या मॉलच्या दुकानांना हेच लिहिलं होतं, मंजूर झालं.

जिना_नं_२
आमच्या जिन्यातही हाच त्रास झाला. 50 पास्कल दाब ठेवला तर वरच्या मजल्यांची दारं म्हाताऱ्या माणसाला ढकलता येईनात. शेवटी रिलीफ डॅम्पर टाकला. तुम्हीही आधी दारं ओढून बघा.

पंखा_डक्ट
@जिना_नं_२ धन्यवाद, पण तो जिन्याच्या प्रेशरायझेशनचा प्रश्न झाला. माझा एक्झॉस्टचा आहे.
@लाल_व्हॉल्व्ह छताला 68 अंशांचे स्प्रिंकलर आहेत. तोच आधार लिहावा म्हणतो.

फाइल_तपासनीस
थांबा, ते लिहू नका. अशा फाइली मी बरीच वर्षं तपासल्या आहेत आणि हे वाक्य दिसलं की माझं पेन तिथेच थांबायचं. दुकानाचं छत तीन-चार मीटरवर असतं, तिथे लाल_व्हॉल्व्ह यांचं म्हणणं चालतं. तुमचं छत 24 मीटरवर आहे. धूर वर चढताना वाटेतली थंड हवा ओढून घेतो आणि निवत जातो. 2.5 मेगावॅटच्या आगीवर 24 मीटर उंचीला धुराच्या अगदी मध्यावर तापमान वाढतं जेमतेम 18 अंश. म्हणजे तिथे 43 अंश, आणि तुमचा स्प्रिंकलर उघडतो 68 ला. उलट हिशेब केला तर तो उघडायला आग 9 मेगावॅटच्या आसपास जावी लागते. वर साठलेला गरम थर धरला तर आकडा थोडा खाली येईल, पण जो स्प्रिंकलर आग एवढी वाढल्यावर उघडणार, त्याने ती 2.5 वर रोखली असं लिहिता येत नाही. अधिकाऱ्यांनी नेमकं तिथेच बोट ठेवलंय.

आता त्यांच्या बाजूने बघा. तुमच्याच सूत्रात 5 मेगावॅट घाला. सेकंदाला सुमारे 36 घनमीटर लागतात. तुमच्या 30 मध्ये थर 5.3 मीटरवर येऊन थांबतो, म्हणजे गॅलरीच्या फरशीपासून ऐंशी सेंटीमीटरवर. तिथला माणूस धुरात उभा आहे. एका गृहीतकावर एवढं सगळं फिरतं, म्हणून ते गृहीतक सिद्ध करा.

पंखा_डक्ट
सर, हे फारच महत्त्वाचं सांगितलंत. मग मी प्रश्न उलटा मांडू का? 30 मध्ये जास्तीत जास्त किती आग झेपते? मी आत्ताच करून पाहिलं, 6.5 मीटर राखायचे तर साधारण 3.7 मेगावॅट येतात.

फाइल_तपासनीस
हो, माझंही तेवढंच येतं. पत्राचा कणा हाच ठेवा. "आग 2.5 ची असेल" हा अंदाज झाला. "ऍट्रियमच्या तळाला 3.7 च्या वर जळू शकेल असं काहीही ठेवणार नाही" ही अट झाली, आणि अट तपासता येते. तळाला काय असणार?

पंखा_डक्ट
स्वागतकक्षाचं टेबल आणि बसायला दोन सोफे. मालकांना मात्र अधूनमधून प्रदर्शनाचे स्टॉल लावायचे आहेत.

फाइल_तपासनीस
स्टॉल म्हणजे कापड, प्लायवुड आणि खोकी, एकाला एक लागून. तिथे 3.7 टिकणार नाही. एकतर स्टॉल बंद करा, नाहीतर प्रत्येक गट वेगळा ठेवा. 3.7 च्या आगीतली 30 टक्के उष्णता किरणांनी बाहेर पडते असं धरलं, तर तिच्या मध्यापासून 3 मीटरवर चौरस मीटरला सुमारे 10 किलोवॅट पोहोचतात, आणि चटकन पेटणाऱ्या वस्तू तेवढ्यात पेट घेऊ शकतात. त्यामुळे अंतर गटांच्या कडांमध्ये मोजा, मध्यांमध्ये नाही, आणि ते 3 हून जास्त ठेवा. फरशीवर पट्टे मारून घ्या, अधिकाऱ्यांना ते डोळ्यांनी दिसतात.

लाल_व्हॉल्व्ह
बरं, छताची गोष्ट मान्य. पण मग तळाच्या बाजूच्या भिंतींवर साइडवॉल स्प्रिंकलर लावले तर?

फाइल_तपासनीस
भिंतीलगतच्या सोफ्यांना उपयोग होईल. 600 चौ. मी. च्या मध्यापर्यंत त्यांचं पाणी पोहोचत नाही.

पंखा_डक्ट
पत्राचा मुख्य भाग नव्याने लिहिलाय, जरा बघाल का?

"नियमातील 10 हवाबदलांचा उद्देश लोक बाहेर पडेपर्यंत धूर त्यांच्या डोक्याच्या वर ठेवणे हा आहे, असे आम्ही समजतो. हवाबदलाचा दर जागेच्या घनफळावर ठरतो. धुराचे प्रमाण मात्र आगीचा आकार आणि धूर किती उंच चढतो यांवर ठरते. प्रस्तावित 30 घनमीटर प्रति सेकंद क्षमतेत 3.7 मेगावॅटपर्यंतच्या आगीत थर गॅलरीच्या फरशीपासून 2 मीटर वर राहतो. छतावरील स्प्रिंकलरने आग मर्यादित होईल असे गृहीत धरलेले नाही. 5 मेगावॅटला थर 5.3 मीटरवर येतो, हेही सोबतच्या तक्त्यात दाखवले आहे. त्यामुळे तळमजल्यावर स्टॉल लावले जाणार नाहीत आणि ज्वलनशील सामान मंजूर नकाशाप्रमाणेच राहील, ही अट भोगवटा प्रमाणपत्रात नमूद करावी."

फाइल_तपासनीस
5 मेगावॅटचा प्रतिकूल आकडा स्वतःहून दिलात ते उत्तम. त्याने सुनावणीतला अर्धा वाद मिटतो. पण एक पंखा बंद पडला तर काय, ते यात नाही. दोनच पंखे आहेत, एक गेला की 15 उरतात. हे नक्की विचारतील.

दुसरं म्हणजे मेकअप एअर. आत येणाऱ्या हवेची वाट किती?

पंखा_डक्ट
आपोआप उघडणारी दारं, एकूण 14 चौ. मी. गरम धुराचं वजन मोजलं तर थंड हवा सेकंदाला 22-23 घनमीटरच लागते, म्हणजे वेग 1.6 मीटर.

फाइल_तपासनीस
सुरुवातीला धूर गरम नसतो. पंखा घनफळ ओढतो, वजन नाही. पहिल्या मिनिटांत आणि चाचणीच्या दिवशी पूर्ण 30 आत यावे लागतील, म्हणजे 2.1 मीटर. आगीपाशी वेग साधारण 1 मीटरच्या वर गेला की धुराचा स्तंभ कलतो, जास्त हवा ओढतो, आणि तुमचं सूत्र ज्या सरळ स्तंभासाठी आहे तो उरत नाही. दारांपासून सोफे किती लांब आहेत?

पंखा_डक्ट
जवळचा सोफा 5 मीटरवर. तो मागे सरकवता येईल, पण दारं वाढवायला आर्किटेक्ट तयार नाहीत. सोफ्यापाशी वेग 1 च्या खाली येतो हे दाखवायला सीएफडी, म्हणजे हवेच्या प्रवाहाचं संगणकावरचं गणित लागेल, की दारासमोरच्या झोताच्या साध्या हिशेबावर अधिकारी ऐकतील?

जिना_नं_२
आमच्याकडे सीएफडीशिवाय फाइल हलली नव्हती.

फाइल_तपासनीस
मी साधा हिशेब स्वीकारला आहे, पण तेव्हा एकच दार होतं. तुमची समोरासमोर असतील तर झोत एकमेकांवर आदळतील. नकाशा टाका, मग सांगतो.